शोधनिबंधातला सहसंबंध गुणांक तपासून कसा वाचावा: आखडलेला पल्ला आणि एकटा दूरचा बिंदू

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये मला एक शोधनिबंध वर्गापुढे मांडायचा होता. पुण्यातल्या एका अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा आणि विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे गुण यांचा संबंध त्यात तपासला होता. गुणांक ०.२४ आला होता, तो सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता, आणि ‘ही प्रवेश परीक्षा पुढच्या यशाचा अंदाज देत नाही’ असा निष्कर्ष लेखकांनी काढला होता. मी तो निष्कर्ष जसाच्या तसा वाचून दाखवला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढेच विचारले, “आणि ज्यांना प्रवेश मिळाला नाही ती मुलं या तक्त्यात कुठे आहेत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर जयकर ग्रंथालयात बसून मी तोच निबंध कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला आणि माझ्या लक्षात आले, की उत्तराला लागणारे बहुतेक आकडे निबंधाच्या पहिल्याच तक्त्यात छापलेले होते.

ज्यांना शोधनिबंधातले सहसंबंध नुकतेच वाचावे लागत आहेत, त्यांच्यासाठी ती वाचण्याची पद्धत मी खाली क्रमाने लिहीत आहे. मूळ निबंध ओळखू येऊ नये आणि हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर करता यावा म्हणून आकडे मी सरावासाठी नव्याने बेतले आहेत. पद्धत मात्र तीच आहे.

## सुरुवातीला जवळ काय ठेवावे

- निबंधाची पूर्ण प्रत, पुरवणी फाइलसह. केवळ सारांशावर हे काम होत नाही.
- वर्णनात्मक आकड्यांचा तक्ता, म्हणजे प्रत्येक चलाची सरासरी, प्रमाण विचलन, किमान व कमाल मूल्य आणि नमुन्याची संख्या.
- निवड होण्याआधीच्या मोठ्या गटाची माहिती. आपल्या उदाहरणात ती सर्व अर्जदारांच्या प्रवेश परीक्षेच्या निकालातून मिळते.
- वर्गमूळ काढता येईल असा कॅल्क्युलेटर. मूळ आकडेवारी हाती असेल, तर लिबरऑफिस कॅल्क किंवा आर हे सांख्यिकी सॉफ्टवेअर.

## पायरी १: नमुन्यात कोण आहे यापेक्षा कोण नाही ते आधी शोधा

निबंधाचा ‘पद्धती’ हा विभाग उघडा आणि सहभागी व्यक्ती या नमुन्यात कशा आल्या, एवढ्याच प्रश्नासाठी तो वाचा. आपल्या उदाहरणात ६०० जणांनी प्रवेश परीक्षा दिली, त्यांतल्या वरच्या ६० जणांना प्रवेश मिळाला, आणि गुणांक या ६० जणांवर काढला. पहिल्या वर्षाचे गुण फक्त यांचेच असणार, त्यामुळे लेखकांनी दुसरे काही करणे शक्यही नव्हते. पण निष्कर्ष मात्र त्यांनी ६०० जणांसाठी घेतलेल्या परीक्षेबद्दल काढला.

निवड नेहमी इतकी उघड नसते. ‘किमान दोन वर्षे नोकरीत टिकलेले कर्मचारी’, ‘सर्व बारा सत्रांना हजर राहिलेले रुग्ण’, ‘प्रश्नावली पूर्ण भरून परत केलेले पालक’ अशा वाक्यांतही चाळणी लपलेली असते. असे वाक्य दिसले की ते अधोरेखित करा आणि ही चाळणी आपल्या दोन चलांपैकी कशावर पडली आहे, हे समासात लिहून ठेवा.

## पायरी २: प्रमाण विचलनांची तुलना करा

आता पहिल्या तक्त्याकडे या. प्रवेश मिळालेल्या ६० जणांच्या परीक्षेतील गुणांचे प्रमाण विचलन ६ आहे, तर सर्व ६०० अर्जदारांचे १५. म्हणजे ज्या चलावर निवड झाली, त्याचा पसारा मूळच्या दोन पंचमांश उरला आहे. हा आकडा अवास्तव नाही. घंटाकृती वितरणातले वरचे दहा टक्के लोक घेतले, की त्यांचे प्रमाण विचलन मूळच्या सुमारे ०.४१ पट राहते.

पसारा आखडल्यावर गुणांक का घसरतो, हे सूत्रापेक्षा आकड्यांतून लवकर समजते, म्हणून इथे थोडे थांबू. समजा, ६० जणांच्या पहिल्या वर्षाच्या गुणांचे प्रमाण विचलन ८ आहे. गुणांक ०.२४ असेल, तर प्रतिगमन रेषेचा उतार ०.२४ गुणिले ८ भागिले ६, म्हणजे ०.३२ येतो. याचा अर्थ, प्रवेश परीक्षेत एक गुण जास्त असलेल्या विद्यार्थ्याला वर्षअखेरीस सरासरीने ०.३२ गुण जास्त मिळतात. या रेषेभोवती उरणारा विखुरलेपणा, म्हणजे जो परीक्षेतून समजत नाही तो भाग, सुमारे ७.७७ गुणांचा आहे.

सहसंबंध गुणांक या दोन गोष्टींची तुलना करतो: रेषेवरून मिळणारा चढउतार एका बाजूला आणि एकूण चढउतार दुसऱ्या बाजूला. प्रवेश मिळालेल्या ६० जणांत परीक्षेचे गुण फक्त ६ च्या प्रमाण विचलनाने हलतात, म्हणून रेषेवरून येणारा चढउतार ०.३२ गुणिले ६, म्हणजे १.९२ एवढाच आहे, आणि तो ७.७७ च्या विखुरलेपणात बुडून जातो. रेषेचा उतार तोच, विखुरलेपणा तोच, पण रेषेवर चालायला मिळालेली वाट आखूड झाली.

## पायरी ३: पूर्ण गटात गुणांक किती आला असता ते काढा

वरचाच हिशेब आता ६०० जणांसाठी करा. परीक्षेच्या गुणांचा पसारा १५ आहे, म्हणून रेषेवरून येणारा चढउतार ०.३२ गुणिले १५, म्हणजे ४.८ होतो. विखुरलेपणा ७.७७ तोच धरला, तर एकूण प्रमाण विचलन ४.८ चा वर्ग अधिक ७.७७ चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे ९.१३ येते. ४.८ भागिले ९.१३ म्हणजे ०.५३.

हीच आकडेमोड एका ओळीत मांडली, की आखडलेल्या पल्ल्यासाठीचे प्रचलित दुरुस्ती-सूत्र मिळते. या प्रश्नाचे गणित कार्ल पिअर्सन यांनी १९०३ मध्येच मांडले होते.

```
u = S / s
R = r*u / sqrt(1 + r^2*(u^2 - 1))
```

यात `S` हे निवडीपूर्वीच्या गटाचे प्रमाण विचलन, `s` हे नमुन्याचे, `r` हा छापलेला गुणांक आणि `R` हा दुरुस्त गुणांक. आपल्या उदाहरणात `u` ची किंमत २.५ आणि `R` ची ०.५३. ज्या परीक्षेला निबंधाने जवळजवळ निरुपयोगी ठरवले, तिचा अर्जदारांच्या पूर्ण गटातला संबंध चांगला मध्यम स्वरूपाचा असू शकतो.

सूत्रात पहिल्या वर्षाच्या गुणांचे प्रमाण विचलन कुठेच लागत नाही, हे लक्षात घ्या. वर ८ हा आकडा मी केवळ समजावण्यासाठी घेतला. म्हणूनच, छापील गुणांक आणि परीक्षेच्या गुणांची दोन प्रमाण विचलने एवढ्यावर ही तपासणी कोणालाही करता येते.

## पायरी ४: दुरुस्त आकड्यावर किती विसंबावे ते ठरवा

हे सूत्र पहिल्यांदा शिकल्यावर मी दिसेल त्या निबंधावर ते चालवले आणि दुरुस्त आकडा हाच खरा आकडा मानू लागले. ती चूक होती. तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या होत्या.

पहिली गोष्ट अनिश्चिततेची. ६० जणांवरच्या ०.२४ या गुणांकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा सुमारे −०.०१ ते ०.४७ आहे. या दोन टोकांनाही तेच सूत्र लावले, तर मर्यादा −०.०४ ते ०.८० होते. दुरुस्तीने माहिती वाढत नाही, आकडा ताणला जातो आणि त्याबरोबर अनिश्चितताही ताणली जाते. त्यामुळे ‘खरा गुणांक ०.५३ आहे’ असे लिहिणे चूक आहे. ‘हा नमुना शून्याशी सुसंगत आहे आणि ०.८० शीही सुसंगत आहे, म्हणून परीक्षा निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष यातून निघत नाही’ हे लिहिणे बरोबर आहे.

दुसरी गोष्ट गृहीतकांची. वरच्या ६० जणांत दिसलेला उतार खालच्या ५४० जणांतही तसाच असेल आणि रेषेभोवतीचा विखुरलेपणा सगळीकडे सारखाच असेल, असे सूत्र धरून चालते. परीक्षा इतकी सोपी असेल की वरचे सगळे कमाल गुणांजवळ एकवटले आहेत, तर ही दोन्ही गृहीतके मोडतात. तक्त्यात कमाल मूल्य परीक्षेच्या एकूण गुणांएवढेच असेल आणि सरासरीही त्याच्या अगदी जवळ असेल, तर ही शंका घ्या आणि दुरुस्तीचा आकडा काढूच नका.

तिसरी गोष्ट निवडीच्या निकषाची, आणि नवे वाचक सर्वांत जास्त इथेच चुकतात. हे सूत्र केवळ परीक्षेच्या गुणांवरच निवड झाली असेल, तेव्हाचे आहे. परीक्षा, मुलाखत आणि बारावीचे गुण यांच्या बेरजेवर प्रवेश झाला असेल, तर दुरुस्तीला त्या बेरजेची माहिती लागते आणि वरचे सूत्र चुकीचा आकडा देते. बेरजेवरच्या निवडीचा आणखी एक परिणाम होतो. परीक्षेत कमी गुण असूनही जो आत आला, तो मुलाखतीत चमकलेलाच असणार, नाहीतर तो आत आलाच नसता. त्यामुळे अर्जदारांत परीक्षा आणि मुलाखत यांचा काहीही संबंध नसला, तरी प्रवेश मिळालेल्यांत तो ऋण दिसतो. रुग्णालयातल्या नोंदींवरून काढलेल्या संबंधांबाबत जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये याच जातीचा धोका दाखवला होता. प्रवेश मिळालेल्या, भरती झालेल्या किंवा दाखल झालेल्या लोकांत दोन चांगल्या वैशिष्ट्यांमध्ये ऋण संबंध सापडल्याचे एखादा निबंध सांगत असेल, तर त्या दोन वैशिष्ट्यांच्या बेरजेवरच निवड झाली होती का, हे आधी पाहा.

## पायरी ५: पल्ला मुद्दाम ताणलेला आहे का ते पाहा

याच्या उलटही घडते. काही निबंधांत ‘उच्च गट’ आणि ‘निम्न गट’ घेतात, म्हणजे वरचे २५ टक्के आणि खालचे २५ टक्के ठेवतात आणि मधला अर्धा गट वगळतात. गटांच्या सरासरींची तुलना करायला ही रचना चालते, पण तिच्यावर काढलेला सहसंबंध फुगलेला असतो. पूर्ण गटात तो ०.३० असेल, तर अशा टोकांच्या नमुन्यात सुमारे ०.३९ येतो. पहिली ते सातवीची मुले एकत्र करून उंची आणि शब्दसंग्रह यांचा गुणांक काढला, तर तोही मोठा येईल, कारण वयाने दोन्ही चलांचा पल्ला लांबवला आहे. एकाच इयत्तेत तो जवळजवळ उरणार नाही. टोकांच्या नमुन्यासाठी वेगळे सूत्र शोधायची गरज नाही. पायरी ३ मधल्या सूत्रात `u` एकापेक्षा लहान घातला, की ते ताणलेला गुणांक खाली आणते.

## पायरी ६: किमान-कमाल रकान्यात एकटा बिंदू शोधा

आता आपल्या निबंधातला दुसरा तक्ता घ्या. त्याच अभ्यासक्रमाच्या २५ विद्यार्थ्यांचा पूर्वीचा कामाचा अनुभव, महिन्यांत, आणि त्यांच्या प्रकल्पाचे गुण यांचा गुणांक ०.५० आला असून p ची किंमत ०.०११ आहे. अनुभवी विद्यार्थी प्रकल्प चांगला करतात, असा लेखकांचा दावा आहे. विखुरण आलेख दिलेला नाही, पण पुढचे आकडे छापलेले आहेत:

- अनुभव: सरासरी १४.८ महिने, प्रमाण विचलन ५.६६, किमान ६, कमाल ३४.
- प्रकल्पाचे गुण: सरासरी ६१.२, प्रमाण विचलन ८.४९, किमान ४९, कमाल ९०.

प्रत्येक टोक सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर आहे, ते काढा. अनुभवाचे किमान मूल्य सुमारे १.६ प्रमाण विचलने खाली आहे, तर कमाल मूल्य ३.४ प्रमाण विचलने वर. गुणांतही तसेच, खाली १.४ आणि वर पुन्हा ३.४. अवघ्या २५ जणांत ३.४ प्रमाण विचलने दूर जाणारे मूल्य शंका घेण्याजोगे असते, आणि दोन्ही चलांत ते एकाच दिशेला असेल, तर ते एकाच विद्यार्थ्याचे असण्याची शक्यता तपासलीच पाहिजे. आपल्या निबंधात पुढे मजकुरात उल्लेख होताच की ३४ महिने अनुभव असलेल्या विद्यार्थिनीला ९० गुण मिळाले.

३.४ हा आकडा मुळात कमी दिसतो आहे, हेही लक्षात ठेवा. प्रमाण विचलन काढताना तो दूरचा बिंदूही धरलेला असतो, त्यामुळे तो स्वतःच मोजपट्टी ताणतो आणि स्वतःला जवळ भासवतो. बाकीच्या २४ जणांच्या मोजपट्टीने पाहिले, तर हाच बिंदू जवळजवळ ५ प्रमाण विचलने दूर आहे. म्हणून ‘आम्ही ३ प्रमाण विचलनांच्या पलीकडची मूल्ये तपासली, काही आढळले नाही’ एवढ्या वाक्यावर निश्चिंत होऊ नका. दहाच जणांच्या नमुन्यात तर कोणताही बिंदू, कितीही दूरचा असला तरी, या मोजपट्टीने ३ च्या पलीकडे जाऊच शकत नाही.

## पायरी ७: तो बिंदू छापील आकड्यांतून वजा करा

मूळ आकडेवारी नसली तरी हे करता येते, आणि मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती हीच आहे. लागतात फक्त नमुन्याची संख्या, दोन्ही सरासरी, दोन्ही प्रमाण विचलने, गुणांक आणि त्या एका बिंदूची दोन मूल्ये.

आधी २५ जणांच्या तीन बेरजा काढा. प्रमाण विचलनाचा वर्ग गुणिले २४ म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज. अनुभवासाठी ती सुमारे ७६८ आणि गुणांसाठी सुमारे १७२८ येते. या दोन बेरजांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ११५२ आहे, त्याला ०.५० ने गुणले की अंतरांच्या गुणाकारांची बेरीज ५७६ मिळते.

आता त्या विद्यार्थिनीचा वाटा काढा. ती अनुभवात सरासरीपासून १९.२ आणि गुणांत २८.८ दूर आहे. एक व्यक्ती काढली की सरासरीही सरकते, म्हणून तिचा वाटा नुसत्या गुणाकाराएवढा नसून त्याच्या २५ भागिले २४ पट असतो. हे २५/२४ विसरणे ही इथली नेहमीची चूक आहे. पूर्ण हिशेब असा:

```
Sxx:  768 - (25/24)*19.2^2      = 384
Syy: 1728 - (25/24)*28.8^2      = 864
Sxy:  576 - (25/24)*19.2*28.8   = 0
r   = 0 / sqrt(384*864)         = 0
```

उरलेल्या २४ जणांत अनुभव आणि प्रकल्पाचे गुण यांचा काहीही रेषीय संबंध नाही. ०.५० हा सगळाच्या सगळा गुणांक एका विद्यार्थिनीचा आहे, आणि p ची ०.०११ ही लक्षणीय किंमतही त्याबद्दल काहीच इशारा देत नाही. छापताना गुणांक दोन दशांश स्थळांपर्यंत आणलेला असतो, म्हणून तुमचे उत्तर नेमके शून्य न येता ०.०१ किंवा ०.०२ येईल, तेवढ्याने बिचकू नका.

निबंधात स्पिअरमन यांचा क्रम-सहसंबंध दिलेला असेल, तर त्याची तुलनाही करून पाहा. क्रमवारीत ती विद्यार्थिनी कितीही पुढे असली तरी तिचा क्रमांक २५ वाच राहतो, २४ व्याच्या लगेच पुढचा. उरलेल्यांत क्रमांचाही संबंध नसेल, तर तिच्यासह क्रम-सहसंबंध सुमारे ०.१२ येतो. पिअर्सनचा ०.५० आणि स्पिअरमनचा ०.१२ इतका फरक दिसला, की विखुरण आलेख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे हाताला लागण्यासाठी अँस्कम यांनी १९७३ मध्ये दिलेले चार आकडेवारीचे संच घ्या. आर मध्ये ते `anscombe` या नावाने आधीपासूनच असतात. चारही संचांत ११ बिंदू आहेत आणि गुणांक सुमारे ०.८१६ आहे. तिसऱ्या संचात दहा बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत असून एक बिंदू रेषेबाहेर गेल्यामुळे गुणांक १ वरून खाली आला आहे. चौथ्या संचात दहा बिंदूंचे क्ष-मूल्य ८ च आहे आणि एकाचे १९. तो एक काढला, तर गुणांक काढताच येत नाही.

## पायरी ८: संबंध लपवणारा बिंदू ओळखा

फुगवणाऱ्या बिंदूवर सगळ्यांचे लक्ष जाते, कारण लक्षणीय निकालावर शंका घेतली जाते. ‘संबंध आढळला नाही’ या वाक्यावर मात्र कोणी शंका घेत नाही. माझ्या स्वतःच्या आकडेवारीत नेमके हेच झाले होते. २५ विद्यार्थ्यांनी आठवड्याचे अभ्यासाचे तास कागदी प्रश्नावलीत लिहिले होते आणि मी ते संगणकात भरले. तास आणि चाचणीचे गुण यांचा गुणांक शून्य आला. मी दोन आठवडे त्या शून्याचे स्पष्टीकरण शोधत राहिले आणि प्रकरणाचा कच्चा मसुदाही लिहून काढला.

आलेख काढल्यावर उजव्या कोपऱ्यात खाली एक बिंदू दिसला: आठवड्याला ३२ तास अभ्यास आणि गुण ४२. बाकीच्यांची सरासरी १२ तास आणि ६० गुण होती, प्रमाण विचलने ४ आणि ६. म्हणजे हा बिंदू तासांत ५ प्रमाण विचलने वर आणि गुणांत ३ खाली होता. प्रश्नावल्यांचा गठ्ठा सोडून पाहिले, तर त्या विद्यार्थ्याने ३.२ तास लिहिले होते. भरताना दशांश चिन्ह सुटले होते. तो बिंदू बाजूला ठेवला की उरलेल्या २४ जणांत गुणांक ०.६० होता, आणि ३.२ हे बरोबर मूल्य घातल्यावर सर्व २५ जणांत ०.६८.

मूळ आकडेवारी हाती असेल, तर प्रत्येक व्यक्ती एकेकदा वगळून गुणांक किती हलतो हे पाहण्याला दोन मिनिटे लागतात. खालील ओळींत `d` हा तुमच्या आकडेवारीचा तक्ता आहे, आणि `tas` व `gun` ही त्यातल्या दोन रकान्यांची नावे आहेत.

```r
x <- d$tas; y <- d$gun
plot(x, y)
r0 <- cor(x, y)
r1 <- sapply(seq_along(x), function(i) cor(x[-i], y[-i]))
round(r1 - r0, 2)
```

साधारण पंचवीस जणांच्या नमुन्यात बहुतेक फरक ०.०५ च्या आत राहतात. एखादाच फरक ०.३ किंवा ०.५ असेल, तर ती ओळ मूळ कागदाशी ताडून पाहा. या पद्धतीची एक मर्यादा आहे. दोन दूरचे बिंदू एकमेकांजवळ असतील, तर एकेक वगळल्याने ते सापडत नाहीत, कारण एक काढला तरी दुसरा गुणांक धरून ठेवतो. तिथे आलेखच उपयोगी पडतो. गहाळ मूल्यासाठी वापरलेले ९९ किंवा ९९९ हे संकेतांकही असेच जोडीने किंवा झुंडीने येतात.

## पायरी ९: बिंदू काढायचा की ठेवायचा ते कारणावरून ठरवा

दूरचा बिंदू दिसला म्हणून तो पुसून टाकणे हीसुद्धा चूकच आहे, आणि आपल्या गृहीतकाच्या विरुद्ध जाणारेच बिंदू पुसणे हा गैरप्रकार आहे. माझ्या प्रश्नावलीतले ३२ हे मूल्य चुकीचे असल्याचा पुरावा कागदावर होता, म्हणून ते दुरुस्त करणे योग्य होते. ३४ महिने अनुभवाची विद्यार्थिनी खरी आहे, तिचे गुणही खरे आहेत. तिला काढण्याचे कारण नाही. मात्र तिच्या एकटीच्या जोरावर ‘अनुभव वाढला की गुण वाढतात’ असे बाकीच्यांबद्दल म्हणता येत नाही. बाकीचे २४ जण आणि ३४ महिने यांच्या मधल्या पट्ट्यात आणखी विद्यार्थी घेतल्याशिवाय तो प्रश्न सुटत नाही. खरे तर इथे पहिली अडचण पुन्हा समोर येते: उरलेल्या २४ जणांचा अनुभवाचा पल्ला इतका आखूड आहे, की त्यांच्यातला शून्य गुणांकही ‘संबंध नाही’ याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही.

परीक्षण किंवा सादरीकरण लिहिताना मी आता दोन्ही आकडे शेजारी देते आणि कोणता का बदलला ते सांगते. आपल्या निबंधासाठी ते असे होईल: “प्रवेश परीक्षा आणि पहिल्या वर्षाचे गुण यांचा गुणांक निवड झालेल्या ६० जणांत ०.२४ आहे. परीक्षेच्या गुणांचे प्रमाण विचलन अर्जदारांत १५ व नमुन्यात ६ असल्याने, निवड केवळ या गुणांवर झाली असे धरल्यास, अर्जदारांच्या गटासाठी अंदाजे ०.५३ येतो, मर्यादा −०.०४ ते ०.८०. अनुभव आणि प्रकल्पाचे गुण यांचा गुणांक २५ जणांत ०.५० असून ३४ महिने अनुभवाची एक नोंद वगळल्यास तो शून्य होतो.” लेखकांना पत्र लिहायचे असेल, तर त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागा: विखुरण आलेख, आणि निवडीपूर्वीच्या गटाचे प्रमाण विचलन.